काटा हलला!

आमचे आप्पाकाका जन्मभर रेल्वेत, तेही कर्जतला बँकर इंजिनांवर. मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते, तिला मागून दोन-तीन इंजिनं लागतात आणि ती तिला ढकलत बोरघाट चढवून खंडाळ्याला पोचवतात. चढ सदतिसास एक. म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर. वाचायला हे काहीच वाटत नाही, पण मागून ढकलणाऱ्याला विचारा. काका रोज ढकलायचे आणि ढकलताना समोरच्या अँमीटरच्या काट्याकडे बघत बसायचे. विजेच्या इंजिनात मोटरी किती करंट खातात ते त्या काट्यावर दिसतं. जास्त खायला लागल्या तर धूर निघायच्या आत काटा सांगतो. पुढचा रस्ता त्यांना दिसायचाच नाही, कारण पुढे अख्खी गाडी. त्यामुळे जग हे काचेतून नाही, काट्यातून बघायचं असतं अशी त्यांची पक्की समजूत झाली.

अशा माणसाने रिटायर झाल्यावर १९७८ सालची सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, कागदोपत्री पद्मिनी, पण कर्जतमध्ये तिला कोणी पद्मिनी म्हटल्याचं आठवत नाही. सगळे फियाटच म्हणायचे. गाडी घरी आली, काकूंनी ओवाळलं, नारळ फुटला आणि काकांनी किल्ली फिरवली. समोर दोन लाल दिवे लागले, एक ऑइलचा आणि एक डायनामोचा. इंजिन सुरू झालं तसे दोन्ही विझले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांचा चेहरा मात्र उतरला.

"काटे कुठायत?"

"दिवे आहेत ना," गाडी विकणारा म्हणाला. "काही बिघडलं की लाल दिवा लागेल."

"बिघडल्यावर लागेल?"

"हो, बिघडलं की लगेच."

"मग त्याचा उपयोग काय?"

रेल्वेतल्या माणसाचा लाल दिव्यावर विश्वास नसावा याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "सिग्नलचा लाल दिवा पुढच्या संकटाचा असतो. हा डॅशबोर्डवरचा लाल दिवा मागच्या संकटाचा. हा म्हणजे तेराव्याचं बोलावणं."

पुढच्याच आठवड्यात ते लोकलने मुंबईला गेले आणि संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक काळा पत्रा घेऊन आले. पत्र्यावर तीन गोल मीटर. डावीकडे ऑइल प्रेशर, मध्ये अँपिअर, उजवीकडे टेम्परेचर. काकूंना वाटलं, घड्याळं आणली. त्यांनी तिन्ही घड्याळांत वेगवेगळी वेळ का, असं विचारलं.

मीटर बसवण्याचं काम दोन रविवार चाललं. ऑइलच्या दिव्याचा स्विच इंजिनाच्या अंगात जिथे बसतो तिथे पितळेचा एक टी बसवला. टीच्या एका तोंडाला जुना स्विच तसाच ठेवला आणि दुसऱ्या तोंडातून नायलॉनची बारीक नळी काढून डॅशबोर्डपर्यंत आणली. "दिवा कशाला ठेवलात मग?" मी विचारलं. काका म्हणाले, "राहू दे. कोण आधी बोलतो ते कळेल." म्हणजे एकाच तेलाची बातमी दिवा आणि काटा दोघांना एकदमच मिळणार. ही शर्यत आमच्या घरात पुढे बारा वर्षं चालली.

या मीटरच्या पोटात काय असतं ते काकांनी जत्रेतल्या पिपाणीवरून समजावलं. फुंकली की उलगडणारी आणि सोडली की गुंडाळणारी ती कागदी पिपाणी आठवा. मीटरमध्ये तशीच एक चपटी वाकवलेली पितळी नळी असते. इंजिनातलं तेल पंपाच्या जोराने तिच्यात शिरतं, नळी किंचित उलगडते आणि टोकाला जोडलेला काटा फिरतो. वीज नाही, वायर नाही. तेल स्वतः येऊन स्वतःची तब्येत सांगतं.

मात्र तेल स्वतः येतं याचा अर्थ ते खरोखरच येतं. पहिल्याच फेरीला पळसदरीच्या पुढे नळीचा मागचा नट ढिला पडला आणि गरम तेलाची बारीक पिचकारी थेट काकूंच्या इरकलीवर उडाली. त्या दिवशी काटा बरोबर खाली आला होता, दिवा बरोबर गप्प होता आणि काकू अजिबात गप्प नव्हत्या. ते लुगडं पुढे मीटर पुसायला गेलं. काका म्हणत, बघ, डाग पडून का होईना, कापड लायनीतच राहिलं.

पुढची सीट सलग बाकासारखी आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढे तिघं बसायचे. तीन माणसं आणि तीन काटे. काकांनी लगेच ड्यूट्या लावल्या. खिडकीशी मी, माझ्याकडे ऑइल. मध्ये काकू, त्यांच्याकडे अँपिअर. टेम्परेचर काकांनी स्वतःकडे ठेवलं. मागे बसलेल्यांना देखावे बघायची परवानगी होती. आम्हाला नव्हती. उल्हास नदीचा पूर मी कधी धड बघितला नाही, पण आमच्या इंजिनाचं ऑइल प्रेशर मला आजही पाठ आहे. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की साठ पौंड. तापून रस्त्याला लागलं की चाळीसच्या आसपास. तापलेलं इंजिन फाटकाशी थांबून नुसतं गुरगुरत असलं की पंधरा ते वीस.

"मग थंडीत प्रेशर जास्त म्हणजे तब्येत जास्त चांगली?" मी एकदा विचारलं.

"मध थंडीत काढून बघ बरणीतून," काका म्हणाले.

थंड तेल घट्ट असतं, फटींतून लवकर निसटत नाही, म्हणून पंपाला अडथळा जास्त आणि काटा वर. तापलं की पातळ होऊन बेअरिंगांच्या फटींतून सहज पळतं, काटा खाली. त्यामुळे नुसता आकडा बघून काही समजत नाही. कोणत्या वेळेला, किती तापलेलं असताना आणि किती वेगात असताना काटा कुठे असतो, हे रोज बघून डोक्यात बसावं लागतं. मग एक दिवस रोजच्या जागेहून पाच पौंड खाली दिसला तरी पोटात गोळा येतो. दिव्याच्या स्विचला हे काहीच माहीत नसतं. तो पाच-सात पौंडांवर बसवलेला असतो. साठपासून आठपर्यंत सगळं त्याच्या लेखी उत्तम. आठवर तो झोपलेला आणि पाचवर बोंबलणारा. तोवर बेअरिंगं कोरडी घासायला लागलेली असतात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त हे घोडं लाल आहे.

शर्यतीचा पहिला निकाल बोरघाटात लागला. लोणावळ्याला चुलतमावशीच्या मुलीचं लग्न होतं. दोनच दिवसांपूर्वी गाडी एका गॅरेजमध्ये टॅपेट सेट करून आणली होती. गॅरेजचं नाव सांगत नाही. त्यांचा मुलगा आता आमच्या ओळखीत आहे. सकाळी कर्जतहून निघालो, खोपोली ओलांडली आणि चढ सुरू झाला. तेव्हा एक्स्प्रेस वे नव्हता. अख्ख्या मुंबई-पुण्याची वाहतूक त्या एका घाटातून, पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि ब्रेक लायनरचा जळका वास म्हणजे घाटाचा स्वतःचाच वास. त्या वासात तुमचं स्वतःचं काही जळत असेल तर ते वासावरून ओळखण्याची सोय नाही.

सेकंड गिअरमध्ये काटा पस्तिसावर होता. पहिलं उजवं वळण आलं. काटा पस्तिसावरून पंधरावर पडला आणि वळण संपताच परत वर. मला वाटलं, मीटर धक्क्याने हलला असेल. पुढचं वळण डावं. काटा जागचा हलला नाही. त्याच्या पुढचं पुन्हा उजवं. पुन्हा पंधरा. मागून एक आत्या म्हणाल्या, "किती छान दिसतंय नाही खालचं सगळं!" मला फक्त पंधरा दिसत होतं.

"काका, काटा हलला."

"कोणत्या वळणाला?"

"उजव्या. फक्त उजव्या."

काकांनी मान डोलावली. आणखी एक उजवं वळण स्वतः बघितलं आणि शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी बाजूला घेतली. घाटाची वाट दाखवणारा तो धनगर, त्याच्या देवळासमोरून जाताना ड्रायव्हर नाणं टाकतात. आम्हीही टाकत असू. पण काकांनी देवळापुढे गाडी बंद करून बॉनेट उघडल्याचं बघून शिंगरोबालाही जरा वाईट वाटलं असणार.

"दिवा तर लागला नाही," मागून मावशा-आत्यांचं एकमत झालं.

"म्हणूनच थांबलोय," काका म्हणाले. "लागल्यावर थांबायला काय, गाडी आपणहून थांबते."

इंजिन थोडं निवू दिलं. तेलाची काडी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली, काडीच्या नुसत्या टोकाला. मग काकांनी उजव्या वळणांचं गणित उलगडलं. इंजिनाच्या तळाच्या कढईत तेल साठतं आणि तिथून पंपाची जाळी ते ओढते. कढई भरलेली असेल तर गाडी कशीही कलली तरी जाळी बुडालेलीच राहते. तेल कमी असेल तर वळणावर ते एका बाजूला सरकतं, जाळी क्षणभर उघडी पडते आणि पंप वारा ओढतो. ताटात वरण कमी वाढलं की ते भाताच्या एकाच बाजूला पळतं ना, तसं. क्षणभरच पडतं म्हणून काटा पंधरावरून परत वर येतो. दिव्याच्या पाच पौंडांपर्यंत तो पोचतच नाही. आणखी दोन-तीन मैल असेच गेलो असतो तर पोचला असता. मग दिवा अगदी कर्तव्यदक्षपणे लागला असता आणि आम्ही लग्नाला ट्रकमधून गेलो असतो.

तेल गेलं कुठे? इंजिनाच्या वरचं टॅपेट कव्हर बसवताना आतलं बुचाचं पॅकिंग एका कोपऱ्यात मुडपलं होतं. तिथून तेलाचा ओघळ इंजिनाच्या अंगावरून खाली उतरत चालला होता. सपाटीला थेंबथेंब. चढाला गाडीचं नाक वर, तेल मागच्या त्याच कोपऱ्यात जमा, म्हणून तिथे धार. काकांच्या डिकीत लिटरभर तेलाचा डबा कायम असे. पण तेल ओतून उपयोग काय, भोक तसंच असेल तर? नवं पॅकिंग घाटात कुठून आणणार?

काकांनी काकूंकडे हात पुढे केला. "पत्रिका दे."

"कसली?"

"लग्नाची."

ती पत्रिका चांगली जाड पुठ्ठ्याची होती. गणपती, सोनेरी अक्षरं, सगळं. गणपती काकूंनी कातरीने आधी काढून घेतला, तेवढं पाप नको म्हणून. उरलेल्याची एक पट्टी कापून, दोन्ही बाजूंना ग्रीस चोपडून, काकांनी मुडपलेल्या कोपऱ्यात बसवली आणि कव्हरचे नट सारखे आवळले. सारखे म्हणजे आधी एक थोडा, मग दुसरा थोडा. एकच करकचून आवळला तर कव्हरचा पत्रा वाकतो आणि गळती दुसऱ्या कोपऱ्यातून हसते. मग डबा ओतला, काडी बघितली, गाडी सुरू केली. पुढचं उजवं वळण मी श्वास रोखून घेतलं. काटा पस्तिसावर, देवघरातल्या समईसारखा स्थिर.

कार्यालयाच्या दारात कोणीतरी विचारलं, "अहो, पत्रिकेत वेळ काय लिहिली होती?" काका म्हणाले, "बॉनेट उघडून बघावं लागेल."

टेम्परेचरच्या काट्याने माझी जी शोभा केली ती मी थोडक्यात सांगतो, कारण घरात ती लांबवून सांगणारे पुष्कळ आहेत. मी नुकताच लायसन्सधारी झालो होतो. मे महिना, चौकहून कर्जतला येत होतो, आणि काका शेजारी डुलकी घेत होते. टेम्परेचरचा काटा रोज ऐंशी-पंच्याऐंशीवर असायचा. त्या दिवशी नव्वद झाला, पंच्याण्णव झाला. मी घाबरून वेग कमी केला. आणि काय आश्चर्य, काटा भराभर खाली यायला लागला. ऐंशी, सत्तर, साठ. मला स्वतःच्या ड्रायव्हिंगचा अभिमान वाटला. गाडी थंड करण्याची कला आपल्याला साधली, या आनंदात मी वेग वाढवला आणि शीळही घातली. शिळेने काका जागे झाले. त्यांनी काटा बघितला आणि ओरडले, "बंद कर! आधी बंद कर!"

झालं होतं असं की रेडिएटरचा खालचा होज फाटून सगळं पाणी रस्त्याला लागलं होतं. मीटरची घुंडी इंजिनाच्या डोक्यात पाण्यात बुडालेली असते आणि ती पाण्याचं तापमान सांगते, इंजिनाचं नाही. पाणीच उरलं नाही तर ती हवेत लोंबकळते आणि "सगळं थंड आहे" म्हणून सांगते. वर चढणारा काटा म्हणजे ताप आलेला माणूस. चढून मग एकाएकी पडणारा काटा म्हणजे काय, ते काकांनी ज्या शब्दांत सांगितलं ते मासिकात छापता येणार नाही. तासभर झाडाखाली बसून इंजिन निवल्यावर, जवळच्या विहिरीतून बादल्या आणून, होजला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आम्ही घरी आलो. पाणी ओततानाही इंजिन सुरू ठेवून हळूहळू ओतायचं, तापल्या लोखंडावर गार बादली एकदम ओतली तर हेडला तडा. हे ज्ञान मला त्या दिवशी इतक्या वेळा मिळालं की मी पुढे सहा महिने कशावरच गार पाणी ओतलं नाही, अंगावरसुद्धा.

पण शर्यतीचा खरा निकाल काकूंच्या काट्याने लावला.

खालापूर तालुक्यात साजगावला कार्तिकी एकादशीपासून विठोबाची यात्रा भरते. बोंबल्या विठोबाची यात्रा म्हणतात. पंढरपूरच्या विठोबाला तुळस, बुक्का आणि माळा. इथल्या यात्रेत सुक्या बोंबलांचे, सुकटीचे, जवळ्याचे ढीग. पावसाळ्याच्या बेगमीसाठी आधीच मासळी भरणारे लोक असतात, त्यात आमच्या काकू पहिल्या. त्या वर्षी त्यांनी बोंबलाच्या दोन माळा, सुकटीची गोणपाटाची पिशवी आणि सोड्याचं एक पुडकं घेतलं. सगळं डिकीत मावलं नाही, म्हणून बोंबील मागच्या सीटच्या मागे काचेशी ठेवले. कुत्र्यांनी खोपोलीपर्यंत सोबत केली.

निघालो तेव्हा अंधार पडला होता. काकांनी हेडलाइट लावले. आता अँपिअरचा काटा कसा वागतो ते काकूंच्या शब्दांत सांगतो. मधोमध शून्य. उजवीकडे जमा, डावीकडे खर्च. गाडी सुरू केली की स्टार्टरने बॅटरीतून उचललेले पैसे डायनामो परत भरतो, म्हणून काटा जमेकडे पंधरा-वीसवर जातो. मग बॅटरी भरत आली की उतरत उतरत दहा-पंधरा मिनिटांत दोन-तीनवर येऊन बसतो. फाटकाला गाडी नुसती गुरगुरत असली आणि दिवे चालू असले की खर्चाकडे जातो. साइड दाखवली की टिकटिक करून नाचतो. हॉर्न वाजवला की दचकतो. काकूंना त्या काट्याचा संसार कळायचा, कारण तो त्यांच्या भिशीच्या वहीसारखा होता. रात्री घरी गाडी बंद केल्यावर काटा शून्यावर नसला तर त्या म्हणायच्या, "कुठेतरी दिवा राहिलाय." डिकीचा राहिलेला असायचा.

त्या रात्री खोपोली सोडून अर्धा तास झाला. वाटेत दोनदा म्हशींनी थांबवलं होतं. लाल दिवा विझलेला. हेडलाइट तर असे लख्ख पडले होते की मागे बसलेले शेजारचे भाऊसाहेब म्हणाले, "व्वा! बल्ब नवे टाकलेत का?"

काकू एकदम म्हणाल्या, "अहो, अजून जमाच होतोय."

"काय?"

"वीस. निघाल्यापासून वीसच. दिवे चालू असूनसुद्धा. इतकं कुठे भरतंय?"

काकांनी गाडी बाजूला घेतली. भाऊसाहेब म्हणाले, "चांगलंच आहे की, चार्जिंग जोरात आहे." असं म्हणून त्यांनी खिशातून विडी काढली. काकांनी त्यांच्या हातातली काडेपेटी ओढून घेतली ती मला आजही डोळ्यापुढे दिसते.

बॉनेट उघडलं. बॅटरीला हात लावला तर ती तापलेली, आणि बुचं उघडल्यावर आत पाणी बुडबुड करत होतं. अशा बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. बरोबर कुजक्या अंड्यासारखा वासही येतो, एरवी तो वास गाडीत आधीच आला असता. पण बोंबलाच्या दोन माळा आणि सुकटीची पिशवी असलेल्या गाडीत कुजक्या अंड्याचा वास म्हणजे उदबत्ती. नाक निकामी. डोळ्यांना लख्ख उजेड, म्हणजे डोळे खूश. दिवा विझलेला, म्हणजे दिवाही खूश. तक्रार फक्त एका काट्याची आणि एका बाईची.

कटआउटच्या डब्यात डायनामोला लगाम घालणारे जे पॉइंट असतात, ते चिकटले होते. लगाम सुटला आणि डायनामो होता नव्हता तेवढा जोर काढून बॅटरीत भरत सुटला. व्होल्टेज चढलं म्हणून हेडलाइट लख्ख. आणखी तासाभराने भाऊसाहेबांचे ते नवे बल्ब एकामागून एक उडाले असते आणि बॅटरीही शिजली असती. लाल दिव्याची अडचण अशी की तो डायनामो आणि बॅटरीच्या मध्ये बसलेला. डायनामो कमी पडला तरच त्याला कळतं. डायनामोने कहर केला तर त्याला वाटतं, वा, केवढी बरकत!

काकांनी डायनामोची एफ लिहिलेली वायर काढली आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. हीच वायर डायनामोच्या आतल्या चुंबकाला करंट पुरवते. ती काढली की डायनामो नुसता फिरतो, वीज करत नाही. मग गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवर टपोरा लाल दिवा पेटला.

"लागला! लाल दिवा लागला!" मागून भाऊसाहेब ओरडले.

"लागू दे," काका म्हणाले. "आता तो खरं बोलतोय. डायनामो बंद आहे आणि तो मीच केलाय."

काकूंचा काटा खर्चाकडे बारावर आला होता. काकांनी तोंडी हिशेब मांडला. हेडलाइट आणि मागचे दिवे मिळून आठ-नऊ अँपिअर, इग्निशन तीन-चार. कर्जत जास्तीत जास्त अर्धा तास. म्हणजे बॅटरीतून सहा अँपिअर-तास जाणार, आणि बॅटरी चाळीसची, तीही नुकतीच गळ्यापर्यंत भरलेली. "अर्धा तास कमावलं, आता अर्धा तास खाऊ," काकू म्हणाल्या. लाल दिवा पेटलेला, काटा खर्चात आणि आम्ही निवांत, अशा थाटात त्या रात्री कर्जतला पोचलो. भाऊसाहेब मात्र तो दिवा बघत घर येईपर्यंत रामरक्षा पुटपुटत होते. गाडी चांगली असताना दिवा गप्प होता, बिघडली तेव्हाही गप्प होता आणि दुरुस्त केल्यावर लागला, हे त्यांना कधीच पटलं नाही. वाटेत एकदा त्यांनी खिडकीबाहेर तोंड काढून विडी ओढायची परवानगी मागितली. ती त्यांना दारात उतरल्यावर मिळाली.

एक कबुली दिली पाहिजे, नाहीतर काटे फार सोवळे ठरतील. अँपिअर मीटरमधून स्टार्टर सोडून अख्ख्या गाडीचा करंट जातो. मागचे नट ढिले झाले तर तिथेच ठिणगी पडते आणि गाडी अंधारात जागच्या जागी थंड होते. आमची एकदा भिवपुरी फाट्याशी झाली. काकांनी नट आवळले आणि त्यानंतर दर दसऱ्याला झेंडूच्या माळेआधी मीटरचे नट आवळायची पद्धत पडली. पाहुण्यांना वाटे, आमच्याकडे पान्ह्याची पूजा असते.

फियाट कधीच गेली. ज्याने नेली त्याला मीटर नको होते, म्हणून काकांनी पत्रा काढून ठेवला. परवा माझ्या पुतण्याने नवी गाडी आणली आणि काकांना फिरवायला नेलं. खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत गाडी उभी. काका डॅशबोर्ड शोधत होते. टेम्परेचरचा काटाच नाही. गार असताना एक निळा दिवा आणि तापल्यावर लाल.

"मधलं काय?" काकांनी विचारलं.

"मधलं काही नाही, आजोबा. म्हणजे सगळं ठीक."

काका टोल भरेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "निवडणुकीत पण हेच सांगतात."

तो काळा पत्रा आता आमच्या माजघरात, इन्व्हर्टरच्या वर भिंतीला ठोकलेला आहे. ऑइल आणि टेम्परेचरच्या काट्यांना काम नाही, ते शून्यावर रिटायर झालेत. पण मधला अँपिअरचा काटा काकांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या वायरीत घातलाय, आणि वीज गेली की दोघं नवरा-बायको त्याच्यासमोर खुर्च्या टाकून बसतात. गेल्या मे महिन्यात पुण्याचे पाहुणे मागच्या खोलीत दुपारचे झोपले होते. लाइट गेलेली. मी पेपर वाचत होतो. काटा खर्चाकडे तीनवर होता, तो एकदम दहावर गेला.

"पंखा," काका म्हणाले.

काकू उठल्या आणि पदर खोचत स्वयंपाकघराकडे वळल्या. "जागे झाले. चहा टाकते."